अंध प्रेक्षकांसाठी लघुपट : मराठी व इंग्रजीतून वर्णन कसे लिहावे?

लघुपट पाहणाऱ्या अंध व्यक्तीला संवाद, संगीत आणि इतर आवाज ऐकू येतात. पडद्यावर मुकाट्याने जे घडते ते मात्र तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही उणीव दोन प्रकारांनी भरून काढता येते. चित्रपटाच्या संवादांमधील मोकळ्या जागेत निवेदकाने दृश्य सांगणे, यास श्राव्य वर्णन म्हणतात. भित्तिपत्रक किंवा छायाचित्र यांसारख्या स्थिर चित्राला जोडलेला आणि संगणकाने वा दूरध्वनीने मोठ्याने वाचून दाखवावयाचा मजकूर म्हणजे पर्यायी मजकूर होय.

श्राव्य वर्णनाची पद्धत 1981 साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथील अरेना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट फॅनस्टील व त्यांचे पती कोडी यांनी रूढ केली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी श्राव्य वर्णनाचा उल्लेख आहे. चित्रपटगृहांत दाखविल्या जाणाऱ्या कथापटांसाठी केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही प्रसृत केली. परंतु वर्णन लिहावयास बसल्यावर खरी अडचण येते ती भाषेची. ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

एक काल्पनिक प्रसंग

बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा व यंत्रशाळा आहेत. तेथील एखाद्या ओतशाळेवर आठ मिनिटांचा लघुपट तयार केला आहे, अशी कल्पना करू. वितळलेल्या लोखंडाचा लॅडल दोघांनी मिळून पेललेला आहे. एका बाजूची मूठ पांढऱ्या मिशांच्या मिस्त्रींच्या हाती आहे. भट्टीजवळचा एक कामगार कन्नडमधून "आता ओता" अशा अर्थाचे काही बोलतो. त्यानंतर आठ सेकंद कोणीही बोलत नाही. तेवढ्यात मिस्त्री मूठ सोडतात आणि तोंडावर संरक्षक झापड असलेली एक व्यक्ती ती धरते. शेवटच्या दृश्यात झापड वर होते तेव्हा कळते, की ती व्यक्ती मिस्त्रींची मुलगी आहे.

लघुपटाचा सारा आशय या आठ मुक्या सेकंदांत आहे. वर्णन नसेल तर अंध प्रेक्षकाला केवळ भट्टीची घरघर ऐकू येईल.

वेळेचा हिशेब

लिहिण्यापूर्वी मोकळी जागा घड्याळाने मोजावी. आपल्या प्रसंगात सहाव्या सेकंदाला धातू साच्यात पडून जोराने फुसकारतो. तो आवाजही कथेचाच भाग असल्याने त्यावर बोलावयाचे नाही. म्हणजे हाती सहा सेकंद राहिले. त्यातही मागेपुढे थोडी शांतता सोडावयाची, म्हणून वाक्य चार सेकंदांत संपले पाहिजे. सावकाश व स्पष्ट वाचनात सेकंदाला सुमारे दोन मराठी शब्द बसतात. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांबतात, म्हणून केवळ शब्द मोजून भागत नाही. वाक्य मोठ्याने वाचूनच वेळ पाहावा.

पहिल्या प्रयत्नात पुष्कळदा असे वाक्य लिहिले जाते : "त्यानंतर वृद्ध आणि अनुभवी असलेले मिस्त्री मोठ्या विश्वासाने आपल्या हातातील लॅडलची मूठ तरुण कामगाराच्या हाती सोपवतात." सोळा शब्दांचे हे वाक्य सुमारे आठ सेकंद घेईल आणि फुसकाऱ्यावर चढेल. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे नेमका 'सोपवतात' हाच शब्द त्या आवाजात बुडेल. शिवाय 'मोठ्या विश्वासाने' हा लेखकाचा निष्कर्ष झाला. पडद्यावर दिसते ते फक्त मूठ सोडणे. त्यामागील भाव प्रेक्षकाने स्वतः जाणावयाचा आहे.

लिंग, वचन आणि आदर

या वाक्यात याहून गंभीर असा एक दोष आहे. इंग्रजीत "वर्कर" म्हटले की स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठीत मात्र "कामगार मूठ धरतो" म्हणताच तो पुरुष ठरतो आणि अंध प्रेक्षकाला चुकीची माहिती मिळते. "धरते" म्हटले तर शेवटचे रहस्य आधीच फुटते. येथे 'व्यक्ती' हा शब्द उपयोगी पडतो. तो पुरुषासाठी वापरला तरी व्याकरणाने स्त्रीलिंगीच राहतो. त्यामुळे "व्यक्ती मूठ धरते" या वाक्यातून काहीच उघड होत नाही. डोळस प्रेक्षकाला त्या क्षणी जेवढे कळते, तेवढेच अंध प्रेक्षकालाही कळते.

दुसरी अडचण आदरार्थी बहुवचनाची. "मिस्त्री मूठ सोडतात" यात मिस्त्री एक की अनेक, हे केवळ ऐकून कळत नाही. त्यासाठी त्यांच्या पहिल्या प्रवेशालाच "पांढऱ्या मिशांचे एक मिस्त्री" असे सांगून ठेवावे. पुढे 'ते' हे सर्वनाम टाळून 'मिस्त्री' हाच शब्द वापरावा. या साऱ्या विचारानंतरचे वाक्य असे होईल :

```
WEBVTT

00:02:14.500 --> 00:02:18.500
मिस्त्री मूठ सोडतात. चेहरा झाकलेली व्यक्ती ती धरते.
```

इंग्रजी वर्णन स्वतंत्र लिहावे

इंग्रजी वर्णन हे मराठीचे भाषांतर नव्हे. इंग्रजी वर्णन ऐकणाऱ्यास मराठी व कन्नड संवाद समजत नसतील, तर पडद्यावरील भाषांतरित ओळीही वेगळ्या आवाजात वाचून दाखवाव्या लागतात. आपल्या प्रसंगातील कन्नड वाक्य मराठी श्रोत्यासाठीही याच रीतीने वाचावे लागेल. सीमाभागात ही गोष्ट नेहमीचीच आहे. हे वाचन त्याच आठ सेकंदांत गेले, तर वर्णनाची जागा आणखी कमी होते. म्हणून भाषांतरित ओळ शक्यतो मूळ वाक्यावरच, त्याचा आवाज हलका करून वाचावी आणि मोकळी जागा वर्णनासाठी राखावी. भिंतीवरील पाटीचा मजकूर कथेला आवश्यक असेल तरच सांगावा.

वर्णनाची केवळ लेखी फाईल जोडून काम भागत नाही, कारण अनेक प्लेअर ती मोठ्याने वाचत नाहीत. वर्णन माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून मूळ ध्वनीत मिसळावे आणि प्रत्येक भाषेची प्रत वेगळी ठेवावी.

भित्तिपत्रकाचा मजकूर

पर्यायी मजकूर एक-दोन वाक्यांचा असावा. "याचे चित्र" अशी सुरुवात नको, कारण हे चित्र आहे असे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. भाषेची खूणही द्यावी, म्हणजे सोय असलेला स्क्रीन रीडर योग्य भाषेच्या उच्चारांत वाचतो.

```html
<img src="poster.jpg" lang="mr"
 alt="मिस्त्री व चेहरा झाकलेली व्यक्ती वितळलेल्या लोखंडाचा लॅडल पेलतात.">
<img src="poster.jpg" lang="en"
 alt="An old foundryman and a worker in a face shield carry a ladle of molten iron.">
```

भित्तिपत्रकावर लघुपटाचे नाव छापलेले असल्यास तेही या मजकुरात यावे. केवळ शोभेच्या नक्षीसाठी `alt=""` असे रिकामे ठेवावे. हा गुणधर्म अजिबात वगळल्यास काही स्क्रीन रीडर फाईलचे नाव वाचू लागतात.

तपासणी

लघुपट आधी न ऐकलेल्या अंध व्यक्तीस वर्णनासह तो ऐकवावा. डोळस माणसाने डोळे मिटून केलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण दृश्य त्याच्या आठवणीत असते. "आवडले का?" असे न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. मिस्त्री किती होते? ओतताना मूठ कोणाच्या हाती होती? ती मुलगी आहे हे केव्हा समजले? "मिस्त्री दोघे होते" असे उत्तर आल्यास पहिल्या प्रवेशाचे वाक्य सुधारावे. मुलगी असल्याचे आधीच समजले असेल, तर कोणत्या क्रियापदाने ते उघड केले याचा शोध घ्यावा. मूठ कोणी धरली हेच सांगता आले नाही, तर वाक्य बहुधा धातूच्या आवाजात बुडाले आहे. अशा वेळी निवेदकाचा आवाज वाढविण्याऐवजी वाक्यच छोटे करावे.