मेल चौऱ्याऐंशींना, काम चौदांचं

पुण्यातली एखादी मध्यम आकाराची सोसायटी घ्या. ए, बी, सी अशा तीन विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. एकूण ८४ घरं. बी विंगच्या ज्या डक्टमधून ०३ आणि ०४ नंबरच्या फ्लॅटना पाणी येतं, तिथले जुने पाइप बदलायचे आहेत. प्लंबरला या १४ घरांच्या बाथरूममध्ये शिरावं लागणार, त्यामुळे शनिवारी १४ जूनला तिथे कुणीतरी हवं. काम चालू असताना बी विंगच्या उरलेल्या १४ घरांनाही पाणी नसेल. ए आणि सी विंगच्या ५६ घरांचा या कामाशी काहीही संबंध नाही, पण आवारात पाइप आणि माणसं दिसणार, म्हणून त्यांनाही कळवलेलं बरं.

अशा वेळी जो मेल जातो, त्याचा विषय बहुधा ‘महत्त्वाची सूचना’ असा असतो. आत पहिलं वाक्य असतं: ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, व्यवस्थापक समितीच्या सभेत ठरल्यानुसार...’ आणि मग सभेची तारीख, ठरावाचा क्रमांक, कंत्राटदाराचं नाव. घरी थांबायचं कुणी, हे चौथ्या परिच्छेदात किंवा सोबत जोडलेल्या पीडीएफमध्ये. शाळेपासून आपल्या हाताला विषय, संदर्भ, महोदय या क्रमाची सवय असते. कागदी पत्र उघडून पूर्ण वाचलं जायचं, तेव्हा हा क्रम चालून गेला. मेल मात्र उघडायचा की नाही हे वाचणारा फोनच्या यादीतल्या दोन ओळींवरून ठरवतो. पहिली ओळ विषयाची, दुसरी मजकुराच्या सुरुवातीच्या शब्दांची. लहान स्क्रीनवर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, पुढचं कापलं जातं. त्या मोलाच्या जागेत ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात’ एवढंच दिसलं, तर १०३ मधल्या माणसाला आपल्याकडे काही काम आहे याचा पत्ताच लागत नाही.

यात आणखी एक नुकसान आहे आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. ८४ पैकी ५६ घरांसाठी ‘महत्त्वाची’ हा शब्द खोटा ठरतो. असे चार-पाच मेल आले की ए विंगमधली माणसं सोसायटीचे मेल न उघडता सोडून द्यायला शिकतात. पुढे त्यांच्याच विंगच्या लिफ्टचं काम निघतं, तेव्हा त्यांना हाक मारायला शब्द उरलेला नसतो. विषयात ‘तातडीचे’, ‘कृती आवश्यक’ असं लिहिणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

सगळ्यांना उद्देशून केलेली विनंती कुणालाच आपली वाटत नाही, हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. ग्रेग बॅरन आणि एल्दाद येखियाम या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेतल्या लोकांना मेलवरून एक साधा प्रश्न विचारला होता. काहींना तो मेल एकट्याच्या नावे गेला, काहींना इतर चौघांच्या पत्त्यांसह. एकट्याच्या नावे मेल आलेल्यांकडून उत्तरं जास्त आली आणि ती अधिक उपयोगीही होती. सोसायटीच्या मेलमध्ये तर पत्ते चौऱ्याऐंशी.

म्हणून विषयात सगळ्यात आधी ‘कोण’ यायला हवं, मग ‘काय’ आणि ‘कधी’. आपल्या उदाहरणात विषय असा होईल: ‘बी विंग ०३/०४: शनिवारी १४ जूनला घरी थांबा (इतरांना माहितीसाठी)’. शेवटचा कंस फोनवर कापला गेला तरी बिघडत नाही, कारण ज्यांना काम आहे त्यांची खूण पहिल्या काही अक्षरांतच आली आहे.

ही खूण वाचणाऱ्याला स्वतःबद्दल पक्की ठाऊक असलेली हवी. फ्लॅटचा नंबर कुणालाही विचारावा लागत नाही. ‘डक्ट क्रमांक २ मधील सभासद’ असं लिहिलं तर ते फक्त प्लंबरला आणि सेक्रेटरींना कळतं. ‘ज्यांनी अद्याप फॉर्म भरलेला नाही त्यांनी’ ही खूण त्याहून फसवी, कारण अर्धवट फॉर्म दिलेल्या प्रत्येकाला आपण तो भरला आहे असंच वाटत असतं. तिथे कार्यालयाकडे यादी असते, मग फ्लॅट नंबरच लिहावेत. थकबाकीसारखी गोष्ट असेल, तर मात्र नंबर सगळ्यांपुढे न मांडता त्या त्या घराला वेगळा मेल पाठवावा.

आता सुरुवात. ती अशी लिहिता येईल:

‘बी विंगमधील १०३ ते ७०३ आणि १०४ ते ७०४ या १४ फ्लॅटमध्ये शनिवार, १४ जून रोजी सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत कुणीतरी मोठं माणूस घरी असावं. पाइप बदलण्यासाठी प्लंबर बाथरूममध्ये येतील. घरी कोण असेल त्यांचं नाव आणि फोन नंबर गुरुवार, १२ जूनपर्यंत या मेलला उत्तर देऊन कळवा. फ्लॅट भाड्याने दिला असल्यास भाडेकरूंना आजच सांगा, उत्तर मात्र मालकांनीच द्यावं.

बी विंगमधील ०१ आणि ०२ नंबरच्या फ्लॅटना या वेळेत पाणी नसेल, दहाच्या आत भरून ठेवा.

ए आणि सी विंगला काहीही करायचं नाही.’

भाडेकरूंचं वाक्य सहज सुटतं. मालक बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो, मेल त्याला जातो आणि दार उघडणारा माणूस वेगळाच असतो. शेवटचं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. ‘तुम्हाला काही करायचं नाही’ हे स्पष्ट लिहिलं नाही, तर काळजीवाहू माणसं कार्यालयात फोन करत राहतात. सभेची तारीख, ठराव, कंत्राटदार, खर्च हे सगळं याच्या खाली येऊ दे. ज्याला हवं तो वाचेल.

दोन तांत्रिक गोष्टी. सभासदांचे पत्ते ‘बीसीसी’त टाकावेत, म्हणजे ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर इतर ८३ घरांत जाणार नाही. आणि वार्षिक सभेच्या जुन्या मेललाच उत्तर देऊन हे नवं काम त्यात घुसवू नये. यादीत जुनाच विषय दिसतो आणि मेल जुन्या संभाषणाखाली दबतो.

मेल फसला की नाही हे उत्तरांवरून ओळखता येतं. सी विंगमधून ‘आम्हीही थांबायचं का?’ अशी विचारणा आली, तर खूण अस्पष्ट होती. बी विंगच्या १४ पैकी चौघांनीच उत्तर दिलं आणि बाकीच्यांनी मेल उघडलाच नसेल, तर चूक विषयात होती. आठवणीचा मेल पुन्हा ८४ जणांना पाठवू नये, तो फक्त उरलेल्या दहा घरांना जावा, फ्लॅट नंबर लिहून. शुक्रवारी सकाळपर्यंतही जी घरं गप्प राहतील, त्यांना सेक्रेटरींनी सरळ फोन लावावा.