प्लॉट सपाट करताना किती माती उचलावी लागेल? ९ आकड्यांत काढा हिशोब

उताराचा प्लॉट घेतला की पहिला खर्च येतो तो जेसीबीचा. ठेकेदार येतो, प्लॉटवर एक चक्कर मारतो आणि सांगतो, "चाळीसेक ब्रास माती निघेल." हा आकडा खरा की फुगवलेला, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. जमीन आज किती उंचीवर आहे आणि काम झाल्यावर ती किती उंचीवर हवी आहे.

समजा, २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असा प्लॉट आहे. त्यावर चुन्याच्या फक्कीने दर १० मीटरवर रेघा मारल्या, तर चार चौकोन तयार होतात आणि रेघा ९ ठिकाणी मिळतात. ऑटो लेव्हल लावून या ९ ठिकाणांची उंची मोजायची. कुंपणाबाहेरच्या एखाद्या पक्क्या दगडाची उंची १०० मीटर धरली, तर मोजमाप असं येईल:

```
१०१.६   १०१.४   १०१.२
१००.८   १००.५   १००.२
१००.०    ९९.६    ९९.२
```

आता ठरवलं की सगळा प्लॉट १००.५ मीटरवर सपाट करायचा. प्रत्येक आकड्यातून १००.५ वजा करायचे. उत्तर अधिक आलं तर तिथे तेवढी खोदाई, उणे आलं तर तेवढा भराव.

```
+१.१   +०.९   +०.७
+०.३    ०.०   −०.३
−०.५   −०.९   −१.३
```

यानंतर एकेक चौकोन घ्यायचा. त्याच्या चार कोपऱ्यांची सरासरी काढून तिला चौकोनाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १०० चौरस मीटरने गुणायचं. वरच्या डाव्या चौकोनाची सरासरी ०.५७५ येते, म्हणजे ५७.५ घनमीटर खोदाई. वरच्या उजव्यात ३२.५ घनमीटर खोदाई आहे. खालच्या दोन चौकोनांत २७.५ आणि ६२.५ घनमीटर भराव आहे. एकूण खोदाई ९० आणि भरावही ९०.

इथेच एक फसगत होऊ शकते. घाईत कुणी फक्त प्लॉटचे चार कोपरे मोजले, तर १.१, ०.७, उणे ०.५ आणि उणे १.३ यांची बेरीज शून्य येते. कागदावर काहीच काम नाही, प्रत्यक्षात ९० घनमीटर माती हलवायची आहे! सरासरी काढताना खड्डा आणि उंचवटा एकमेकांना खाऊन टाकतात. तसं थोडंसं वरच्या हिशोबातही झालंय. ज्या दोन चौकोनांत खोदाई आणि भराव दोन्ही आहेत, ते वेगळे करून मोजले तर खरा आकडा दोन्हीकडे सुमारे ९२.५ घनमीटर निघतो. जमीन जितकी ओबडधोबड, तितके चौकोन लहान घ्यायचे. ५ मीटरचे घेतले तर मधले खड्डेही सापडतात.

आता पैशांचा मुद्दा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. ९२.५ घनमीटरचे साधारण ३३ ब्रास होतात. मग ठेकेदाराचे चाळीस कुठून आले? जमिनीत घट्ट बसलेली माती खणली की फुगते. साध्या मातीसाठी ही वाढ साधारण २५ टक्के धरतात. त्यामुळे तीच माती डंपरमध्ये मोजली, तर ४१ ब्रास भरते. म्हणजे दोन्ही आकडे खरे असू शकतात! पण दर जमिनीतल्या मापाचा ठरला आणि बिल डंपरच्या मापाने आलं, तर ८ ब्रासचे पैसे जास्त जातात. म्हणून दर ठरवतानाच माप कुठलं, हे लिहून घ्यावं लागतं.

भरावात उलटं होतं. रोलर फिरवून दाबलेली साधी माती मूळ जागेपेक्षाही घट्ट बसते. एक घनमीटर खोदाईतून सुमारे ०.९ घनमीटर पक्का भराव मिळतो. म्हणजे कागदावर खोदाई आणि भराव सारखे असले, तरी इथे ९ घनमीटर माती कमी पडणार. ती विकत आणण्याऐवजी प्लॉटची पातळी अडीच सेंटिमीटर खाली घेतली, तर खोदाई वाढते, भराव कमी होतो आणि हिशोब जुळतो. खडक फोडला असेल तर मात्र हा नियम चालत नाही, तो दाबल्यावरही मूळ मापापेक्षा जास्त जागा घेतो. शिवाय वरचा मुळं-गवताचा थर भरावात घालता येत नाही, कारण तो कुजून जमीन खचते. हा थर १५ सेंटिमीटर असेल तर या प्लॉटवर तोच ६० घनमीटर होतो. तो आधी काढायचा आणि त्यानंतर उंची मोजायची.

जेसीबी एकदा फिरला की जुनी जमीन पुन्हा मोजता येत नाही. त्यामुळे ते ९ आकडे काम सुरू होण्याआधी कागदावर हवेत आणि त्याखाली मालक आणि ठेकेदार, दोघांच्याही सह्या हव्यात.