डक्टला पत्रा किती लागेल?

वातानुकूलनाच्या कामात डक्टचे बिल बहुतेक ठिकाणी चौरस मीटरवर होते. किती चौरस मीटर, हे काढायला घेर आणि लांबी यांचा गुणाकार पुरतो. पण त्या आकड्याइतकाच पत्रा दुकानातून आणला, तर काम अर्ध्यावर थांबते. बिलातले क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष कापला जाणारा पत्रा ही दोन वेगळी मोजमापे आहेत, आणि कामाच्या जागी होणारे बरेच वाद ती एकच समजल्यामुळे होतात.

एक उदाहरण घेऊ. मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये थंड हवा नेणारा जीआय पत्र्याचा चौकोनी डक्ट आहे. आधी ९०० × ४०० मिलिमीटरचा १२ मीटर सरळ भाग. वाटेतल्या जाळ्यांतून निम्मी हवा बाहेर पडल्यावर ०.६ मीटर लांबीचा रिड्यूसर, मग ६०० × ३०० चा ९ मीटर सरळ भाग आणि त्यात एक काटकोनी बेंड. शेवटी टोक बंद.

सरळ भागाचे गणित सोपे. चपलेचे खोके एका कडेवर कापून सपाट पसरावे, तसा डक्ट मनात उलगडायचा. रुंदी आणि उंचीची बेरीज दुप्पट केली की घेर मिळतो: ९०० आणि ४०० चा २.६ मीटर, ६०० आणि ३०० चा १.८ मीटर. २.६ गुणिले १२ म्हणजे ३१.२ चौरस मीटर. १.८ गुणिले ९ म्हणजे १६.२.

रिड्यूसरला दोन्ही टोकांच्या घेरांची सरासरी धरतात. ती येते २.२ मीटर, आणि ०.६ ने गुणल्यावर १.३२ चौरस मीटर. खरे पाहता बाजू तिरक्या असल्याने पत्रा जरा जास्त लागतो. रिड्यूसर दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता असेल, तर नेमके क्षेत्रफळ १.३४ च्या आसपास भरते. एवढ्या फरकासाठी कोणी भांडू नये.

बेंडला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. बेंडची लांबी मध्यरेषेवरून मोजतात. मध्यरेषेची त्रिज्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे ९०० मिलिमीटर धरली, तर पाव वर्तुळाची लांबी १.४१ मीटर होते. तिला १.८ च्या घेराने गुणले की २.५४ चौरस मीटर. बाहेरची बाजू लांब आणि आतली आखूड असताना मधली लांबी धरणे ढोबळ वाटते, पण चौकोनी बेंडसाठी हे उत्तर अगदी तंतोतंत आहे. वरचा आणि खालचा वळणदार गाल मिळून साधारण १.७० चौरस मीटर भरतात, आतली आणि बाहेरची पट्टी मिळून साधारण ०.८५. बाहेर जेवढे वाढते तेवढेच आत कमी होते.

आता तोच डक्ट उभा धरून ३०० च्या बाजूकडे वळवला तर? त्रिज्येचे प्रमाण तेच ठेवले, तर ती ४५० होते आणि क्षेत्रफळ थेट निम्म्यावर, १.२७ वर येते. म्हणून बेंड आडवा वळतो की वर-खाली, हे नकाशात पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये. आणखी एक सापळा नकाशातल्या लांबीत असतो. कोपऱ्यापर्यंतची लांबी दोन्ही बाजूंनी सरळ भागात धरली आणि वर बेंड वेगळा मोजला, तर तीच जागा दोनदा मोजली जाते. आपल्या बेंडपाशी दोन्हीकडचे ०.९ मीटर असे शिरले, तर ३.२४ चौरस मीटर फुकटचे वाढतात. सरळ लांबी फ्लँजपासून फ्लँजपर्यंतच घ्यावी.

शेवटच्या झाकणाचे ०.१८ धरून सगळ्यांची बेरीज ५१.४४ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५५४ चौरस फूट. हा झाला बिलाचा आकडा. जाळ्यांसाठी कापलेली भोके वजा करायची की नाही, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

आता वर्कशॉपमध्ये जाऊ. पत्र्याची जाडी डक्टच्या मोठ्या बाजूवर ठरते. आपल्याकडच्या रूढ तक्त्यात ७५० मिलिमीटरपर्यंत २४ गेज, म्हणजे ०.६३ मिलिमीटर, आणि त्यापुढे १५०० पर्यंत २२ गेज, म्हणजे ०.८ मिलिमीटर. त्यामुळे मोठा भाग आणि रिड्यूसर २२ गेजचे, बाकीचे २४ चे. वजन काढले तर अनुक्रमे २०४ आणि ९४ किलो, एकूण जवळजवळ ३०० किलो. पत्रा किलोवर विकत घेतात, म्हणून हा आकडा हाताशी असावा.

कडा जोडायला पिट्सबर्ग लॉक घालतात. त्यासाठी एका कडेला घडी आणि दुसरीला छोटी दुमड मिळून प्रत्येक जोडाला ३० मिलिमीटरच्या वर पत्रा जातो. आपण ३२ धरू. मोठा डक्ट इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन तुकड्यांचा बनतो, म्हणजे प्रत्येक तुकडा १३०० ऐवजी १३३२ चा. लांबीत दोन्ही टोकांना सुमारे १० मिलिमीटर पत्रा अँगल फ्लँजवर दुमडतात, म्हणून १२२० च्या पत्र्यातून १२०० चा डक्ट मिळतो. दोन्ही मिळून सुमारे ४ टक्के वाढ. पत्र्याचीच घडी घालून फ्लँज बनवणारे मशीन असेल, तर टोकांना याहून बराच जास्त पत्रा खर्ची पडतो. किती, ते त्या मशीनवाल्यालाच विचारावे.

खरी नासाडी होते ती उरलेल्या तुकड्यांत. आठ बाय चार फुटी पत्रा २४४० × १२२० चा. त्यातून १३३२ चा एक तुकडा काढला की ११०८ उरतात, म्हणजे दुसरा तुकडा निघत नाही. १२ मीटरला दहा डक्ट, वीस तुकडे, वीस पत्रे. ३१.२ चौरस मीटरच्या डक्टसाठी साठेक चौरस मीटर पत्रा! पण उरलेल्या वीस पट्ट्या भंगार नव्हेत. लहान डक्टचा अर्धा घेर लॉकसह ९३२ चा, तो ११०८ मध्ये आरामात बसतो, आणि ९ मीटरला असे सोळाच तुकडे लागतात. तिथे २४ गेजऐवजी २२ गेज लागून वजन २७ टक्के वाढते, पण वेगळा पत्रा आणावा लागत नाही. कॉइलमधून हव्या लांबीला कापून घेण्याची सोय असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. बेंडचे गाल मात्र कुठेही पत्रा खातात. १.२ मीटरच्या चौकोनातून एक गाल निघतो आणि चौकोनाचा ४१ टक्के भाग कातरणात जातो. म्हणून बेंड जास्त असलेल्या कामाला सरसकट १० टक्के वाढ धरणे अपुरे पडते.

सर्वांत महाग चूक नकाशातच होते. ९०० × ४०० ऐवजी फॉल्स सीलिंगच्या वर जागा कमी म्हणून १२०० × ३०० घेतला, तर हवेची वाट तेवढीच राहते, पण घेर २.६ वरून ३ मीटर होतो. पत्रा १५ टक्के वाढतो, शिवाय घर्षणही. आत २५ मिलिमीटरचे ध्वनिशोषक अस्तर असेल, तर नकाशातले माप हवेच्या वाटेचे की पत्र्याचे, हे आधी विचारा. हवेच्या वाटेचे असेल, तर पत्रा ९५० × ४५० चा आणि घेर २.८ मीटरचा धरावा लागतो.