नवरा-बायकोचा कॅमेरा: बॅगेज नियमांतली ‘बेरीज’

परतीच्या प्रवासात वजनाची मर्यादा विमान कंपनी ठरवते आणि करमाफीची मर्यादा कस्टम्स ठरवतं. तेवीस किलोंत बॅग बसली म्हणजे आतली वस्तूही बसली, असं आपण धरून चालतो. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आज आपण दुसरीबद्दलच बोलू, तेही तिच्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल.

२०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येत. (२०२६ च्या नियमांनी ही रक्कम ७५,००० केली, आपला हिशोब २०२३ सालातला आहे, म्हणून जुने आकडे घेऊ.) अंगावरचे, वापरातले कपडे वगैरे यात मोजत नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाचा एक लॅपटॉपही वेगळा माफ. दोन लिटरपर्यंतची दारू मात्र याच रकमेत मोजायची, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता समजा, एक जोडपं दुबईहून ८०,००० रुपयांचा नवा कॅमेरा घेऊन मुंबईत उतरलं. दोघांची सवलत मिळून एक लाख, मग कर कसला? इथेच गफलत होते. नियम स्पष्ट म्हणतो, की एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येणार नाही. संसार एक असला तरी कस्टम्सच्या लेखी प्रवासी दोनच! कॅमेरा एकाचाच धरला जातो. ८०,००० मधून ५०,००० वजा, उरलेल्या ३०,००० वर अधिभारासह ३८.५ टक्के, म्हणजे ११,५५० रुपये. त्याऐवजी चाळीस-चाळीस हजारांचे दोन कॅमेरे दोघांनी आपापले आणले असते, तर काहीच भरावं लागलं नसतं. एकूण किंमत तीच. फरक एवढाच, की दोन वस्तू दोघांत वाटता येतात, एक वस्तू वाटता येत नाही.

एलईडी टीव्हीची गोष्ट आणखी निराळी. तो नियमांच्या परिशिष्ट एकमध्ये असल्यामुळे त्याला ही सवलत लागूच नव्हती. ४०,००० चा टीव्ही मर्यादेच्या आत दिसतो, पण कर पूर्ण किमतीवर, १५,४०० रुपये.

मग कॅमेरेवाल्यांनी काय करायचं? बिल हाताशी ठेवायचं, वस्तू जाहीर करायची आणि रेड चॅनलमधून जायचं. ग्रीन चॅनलने जाणं हेच एक विधान आहे: ‘माझ्याजवळ कर लागण्यासारखं काही नाही.’ तोंडातून शब्द न काढताही ते खोटं ठरू शकतं, आणि मग प्रश्न ११,५५० रुपयांचा उरत नाही. वस्तू जप्त होऊ शकते, शिवाय दंड. आणि कर भरायचाच नसेल, प्रवासी पुन्हा परदेशी जाणार असेल, तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ८० मध्ये सोय आहे: वस्तू कस्टम्सकडे ठेवायची, पावती घ्यायची, परत जाताना सोडवून न्यायची. पण तिची पहिली अट म्हणजे वस्तू आधी खरी जाहीर केलेली असली पाहिजे. ग्रीन चॅनलमध्ये अडवल्यावर ही सोय मागता येत नाही.