एकदाच दिसणारा फोटो नेमका जातो कुठे?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पूर्वी लोक फुटलेली काच आणि बसलेली बॅटरी घेऊन येत. आता त्यांच्यात आणखी एक गिऱ्हाईक असतं. त्याचा फोन धडधाकट असतो, त्याला फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो पुन्हा पाहायचा असतो. फोटोवर वर्तुळातला १ होता, त्याने तो उघडला, बंद केला आणि आता तिथे नुसती ‘Opened’ एवढीच नोंद उरली आहे. गॅलरीत नाही, फाइल मॅनेजरमध्ये नाही, बॅकअपमध्येही नाही. ‘एवढ्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर तरी असेलच की!’ हा त्याचा शेवटचा आधार. पण तो आधारही पोकळ आहे. ते का, हे कळायला अशा फोटोचा प्रवास पहिल्या पावलापासून पाहावा लागतो.

समजा, पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या एका मुलीने एजंटला आधार कार्डाचा फोटो पाठवायचं ठरवलं. पाठवण्यापूर्वी तिने ओळ लिहायच्या चौकटीशेजारच्या १ या खुणेला बोट लावलं. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने ऑगस्ट २०२१ मध्ये आणली. तिने पाठवण्याचं बटण दाबताच तिच्याच फोनमध्ये त्या एका फोटोसाठी २५६ बिटांची एक नवी किल्ली तयार होते. त्या किल्लीने फोटोचं रूपांतर कुणालाही न कळणाऱ्या आकड्यांच्या ढिगात होतं आणि तो ढीग कंपनीच्या सर्व्हरवर चढतो. किल्ली मात्र सर्व्हरला मिळत नाही. ती वेगळ्या, कुलूपबंद संदेशातून थेट एजंटच्या फोनकडे जाते. ढीग कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता आणि ‘हा फोटो एकदाच दाखवायचा’ ही सूचनाही त्याच संदेशात असते.

म्हणजे एका फोटोचे दोन भाग झाले. कुलूपबंद ढीग एकीकडे, किल्ली दुसरीकडे. दोन्ही एकत्र येतात ते फक्त एजंटच्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या आत. तिथे फोटो उलगडतो आणि पडद्यावर दिसतो. नेहमीच्या फोटोसारखा तो गॅलरीत उतरत नाही. पुढे पाठवणं, तारांकित करणं, जतन करणं यांपैकी काहीच करता येत नाही. एजंटने तो बंद केला की अ‍ॅप आपल्याकडची प्रत आणि किल्ली दोन्ही काढून टाकतं. मागे उरते ती एवढीच नोंद, की असा एक संदेश आला होता आणि तो उघडला गेला.

सर्व्हरचा आधार पोकळ आहे तो याचमुळे. कुलूपबंद ढीग पाठवल्यानंतर काही आठवडे सर्व्हरवर राहू शकतो, हे व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच सांगतं. पण किल्ली नसताना त्या ढिगाचा कुणालाही उपयोग नाही. २५६ बिटांची किल्ली अंदाजाने शोधणं जगातल्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. कंपनीला विनंती करा, पोलिसांत ओळख काढा, सर्व्हरवरून ‘तो फोटो’ मिळणार नाही, कारण तिथे फोटो म्हणून काही नव्हतंच.

मग दुकानदाराच्या संगणकातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर? त्याची कीर्ती आहे जुन्या मेमरी कार्डांच्या काळातली. तेव्हा ‘डिलीट’ म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं होतं, पानं जागेवरच असत. रिकव्हरीवाला पानं चाळून फोटो शोधून काढायचा आणि ते खरोखर सापडायचे. आजच्या फोनमध्ये तसं राहिलेलं नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला साठवण कुलूपबंद ठेवणं बंधनकारक झालं. आयफोनमध्ये तर प्रत्येक फाइलची वेगळी किल्ली असते. फाइल गेली की तिची किल्लीही जाते. शिवाय फोनच्या चिपला मोकळ्या झालेल्या जागा कळवल्या जातात आणि ती त्या आपल्या सवडीने पुसून टाकते. त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी जागेत दुसऱ्या अ‍ॅपला शिरकाव नसतो. म्हणून ‘एकदा पाहिलेले फोटो परत मिळवा’ अशी जाहिरात करणारी अ‍ॅप फार तर गॅलरीतले जुने फोटो दाखवतात, आणि त्या बदल्यात तुमच्या सगळ्या फोटोंवर हात ठेवायची परवानगी घेऊन बसतात.

बॅकअपच्या बाबतीत एक बारीक फट आहे, ती माहीत असावी. बॅकअप झाला त्या वेळी फोटो उघडलेला नसेल, तर तो बॅकअपमध्ये जातो आणि फोन बदलल्यावर परत येऊ शकतो. उघडलेला असेल तर जात नाही. मुळात उघडलाच नाही, तर चौदा दिवसांनी तो संदेश आपोआप बाद होतो.

पाठवणाऱ्या मुलीलाही पाठवलेला फोटो चॅटमध्ये पुन्हा दिसत नाही. पण तो तिने गॅलरीतून निवडला असेल, तर मूळ प्रत तिच्या गॅलरीत तशीच असते. ‘मीच पाठवलेला फोटो मलाच सापडत नाही’ ही तक्रार बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्याच कॅमेऱ्यातून फोटो काढणाऱ्यांची असते.

इथवरचं सगळं गणित भक्कम आहे. पण या साखळीतला एक दुवा गणिताचा नाही, विश्वासाचा आहे. ‘एकदाच दाखवायचा’ ही सूचना पाळतो कोण? एजंटच्या फोनमधलं अ‍ॅप. किल्ली त्या फोनवर पोहोचलेली असते, फोटो तिथे उलगडलेला असतो. अ‍ॅपने ठरल्याप्रमाणे वागलं तरच तो नाहीसा होतो.

याचा मोठा धडा आधी मिळाला तो स्नॅपचॅटच्या ग्राहकांना. २०११ मध्ये सुरू झालेल्या या अ‍ॅपचा सारा लौकिकच क्षणात नाहीशा होणाऱ्या फोटोंवर उभा होता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका फॉरेन्सिक तपासनिसाने अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा ‘संपलेले’ फोटो फोनमध्येच सापडले. अ‍ॅपने ते पुसले नव्हते. नावाच्या शेवटी ‘.nomedia’ जोडून ते फक्त गॅलरीच्या नजरेआड केले होते. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने, फोटो कायमचे जातात हा दावा फसवा असल्याचा ठपका स्नॅपचॅटवर ठेवला. कंपनीने तडजोड केली आणि तिच्या खासगीपणाच्या कारभारावर वीस वर्षं बाहेरची देखरेख आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आलेले स्नॅप साठवून देणाऱ्या एका तिसऱ्याच वेबसाइटकडचे हजारो फोटो फुटले. ते स्नॅप पाठवणाऱ्यांना आपला फोटो अशा कुठल्या साइटवर पडून आहे याचा पत्ताही नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपचं डिलीट खरं डिलीट आहे. तरी विश्वासाचा दुवा तिथेही निसटला. सप्टेंबर २०२४ मध्ये झेंगो या क्रिप्टो-वॉलेट कंपनीतले संशोधक ताल बेएरी यांनी दाखवलं, की एकदाच पाहायचा संदेश ज्याला पाठवला त्याच्या फोनबरोबर त्याच्या ब्राउझरमधल्या व्हॉट्सअ‍ॅप वेबलाही पोहोचत होता. तिथे तो दिसायचा नाही, ‘फोनवर पाहा’ एवढंच लिहून यायचं. पण किल्ली आणि पत्ता आलेला असायचा, आणि लपवायला होती फक्त एक खूण:

```
viewOnce: true
```

यातल्या true च्या जागी false केलं की तोच संदेश साधा फोटो व्हायचा, हवा तितक्या वेळा पाहा, उतरवून घ्या. हे करून देणारी ब्राउझरची जोडअ‍ॅप तेव्हा आधीच फिरत होती. कंपनीने पुढे ती फट बुजवली. पण या एका ओळीतून रचनेची मर्यादा स्पष्ट दिसते: किल्ली ज्या यंत्राकडे गेली, त्या यंत्राला ‘पुन्हा दाखवू नकोस’ अशी फक्त विनंती करता येते.

स्क्रीनशॉटचंही तसंच. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अशा फोटोंचे स्क्रीनशॉट अडवले. अँड्रॉइडमध्ये यासाठी `FLAG_SECURE` नावाची खूण आहे. ती लावलेली खिडकी पडद्यावर दिसते, पण स्क्रीनशॉटमध्ये आणि पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये काळी येते. नेहमीच्या फोनवर ही अडवणूक चोख चालते. मात्र तिची अंमलबजावणी करणारी फोनची प्रणालीच कुणी मोडून आपल्या ताब्यात घेतली असेल, तर खूण निरर्थक ठरते. आणि एजंटने टेबलावरचा दुसरा फोन उचलून पडद्याचा फोटो काढला, तर कुठलंच सॉफ्टवेअर आड येत नाही. तसा फोटो तिरका, चकाकी आलेला निघतो, पण आधार क्रमांक वाचायला तेवढा पुरतो.

आवाजाची सोय डिसेंबर २०२३ मध्ये आली. मित्राला क्रेडिट कार्डाचा तपशील वाचून दाखवायचा असेल तर वापरा, असं उदाहरण तेव्हा कंपनीनेच दिलं होतं. ध्वनिफितीची रचना फोटोसारखीच आहे: वेगळी किल्ली, कुलूपबंद ढीग, ऐकून झालं की दोन्ही साफ. फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज खोलीतला कुठलाही माइक टिपू शकतो, आणि अशा रेकॉर्डिंगमध्ये कार्डाचे सोळा आकडे अगदी स्वच्छ ऐकू येतात. म्हणून कार्डाच्या बाबतीत ते उदाहरण गैरलागू वाटतं. समोरच्यावर पूर्ण विश्वास असेल तर ठीक, नसेल तर एकदाच ऐकू येणारी फीतही नको.

आता उलटी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. ज्याला जपून ठेवायचं आहे त्याच्या हाती मात्र खात्रीचा मार्ग एकही नाही. दुसऱ्या फोनने टिपलेलं चित्र अस्पष्ट येऊ शकतं, बोट सरकून फोटो बंद झाला तर दुसरी संधी नसते, आणि जोडअ‍ॅप किंवा नकली व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्याचं खातं बंद होऊ शकतं. धमक्या आणि अश्लील फोटो पाठवणारे याच सोयीचा आडोसा घेतात, कारण ज्याला त्रास होतो त्याच्याजवळ पुरावा उरत नाही.

अशा माणसाकडून १ ची खूण असलेला संदेश आला, तर तो घाईने उघडू नका. हाताशी चौदा दिवस आहेत. घरातल्या कुणाचा तरी दुसरा फोन व्हिडिओ चालू करून समोर ठेवा, पाठवणाऱ्याचं नाव, नंबर आणि तारीख त्यात येऊ द्या, मग संदेश उघडा. फोटो उघडा असतानाच पर्यायांच्या यादीतून व्हॉट्सअ‍ॅपकडे तक्रार करा, म्हणजे तो फोटो कंपनीपर्यंत पोहोचतो. त्यानंतर चॅट न पुसता, तो व्हिडिओ घेऊन cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.