मतदार यादीत 'काळे'चं 'काले' झालं तर? नावाची दुरुस्ती आणि मतदानाच्या दिवशीची ओळख



पाचवीच्या वर्गात निवडणुकीबद्दल गप्पा चालू होत्या. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझ्या आईचं आडनाव यादीत चुकलंय. मग तिला मत देता येणार नाही का? बाबा म्हणतात, जाऊच नकोस, उगाच लोकांसमोर परत पाठवतील." मुलीचा प्रश्न अगदी खरा होता. अशा भीतीनं घरीच बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. म्हणून आज हाच विषय सविस्तर घेऊ.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. यादीतली चूक दुरुस्त करणं हे एक काम. मतदानाच्या दिवशी 'ती व्यक्ती मीच' हे पटवून देणं हे दुसरं काम. पहिलं राहून गेलं म्हणजे दुसरं होणारच नाही, असं मुळीच नाही.

चूक होते कुठे?

मतदार यादीत प्रत्येक नाव दोनदा साठवलेलं असतं, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. ऑनलाइन अर्ज भरताना आपण नाव इंग्रजीत टाइप करतो आणि खालच्या चौकटीत मराठी नाव आपोआप उमटतं. गडबड इथंच होते. इंग्रजीत 'ळ' नाही, 'ण' नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. एकाच इंग्रजी स्पेलिंगवरून काळे, काले, कळे यांपैकी काहीही तयार होऊ शकतं. साठेचं सठे होतं, मनीषाची मनिशा होते. अर्ज भरणाऱ्यानं ती मराठी चौकट वाचली नाही, तर तेच पुढे यादीत छापलं जातं. कागदी अर्जात मात्र चूक होते ती अक्षर नीट न लागल्यामुळे. दत्तात्रयचं दत्तू बहुतेक वेळा घरच्यांनीच तोंडी सांगितलेलं असतं.

आधी नाव शोधा, पण नावानं शोधू नका

वाचायला विचित्र वाटेल, पण कारण सोपं आहे. electoralsearch.eci.gov.in वर 'मनीषा काळे' टाकलं आणि यादीत 'मनिशा काले' असेल, तर ते नाव सापडेलच असं नाही. मग माणूस म्हणतो, "नाव कापलं!" आणि नव्यानं नावनोंदणीचा अर्ज भरतो. इथं दुहेरी घोटाळा होतो, तो पुढे सांगते.

मतदार ओळखपत्रावर तीन इंग्रजी अक्षरं आणि सात अंक असा क्रमांक असतो. त्या संकेतस्थळावर Search by EPIC निवडून हा क्रमांक टाका. स्पेलिंग कसंही असलं तरी नोंद समोर येते. तिथून यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत लिहून ठेवा. मोबाईल जमत नसेल तर गावातल्या बीएलओंकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे यादी असते. बऱ्याच गावांत हे काम आपले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका करतात. १९५० या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

दुरुस्तीसाठी नमुना ८

नमुना ६ हा नव्या मतदारासाठी असतो. नाव आधीच यादीत असेल आणि फक्त चुकलं असेल, तर नमुना ८ भरायचा. voters.eci.gov.in वर तो Form 8 या नावानं दिसतो. बीएलओंकडे किंवा तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत कागदावरही देता येतो.

२०२२ मध्ये अर्जांचे नमुने बदलले, तेव्हापासून नमुना ८ चार कामांसाठी चालतो: पत्ता बदलणं, नोंदीतली दुरुस्ती, ओळखपत्राची दुसरी प्रत आणि दिव्यांग म्हणून नोंद. यांपैकी एकाच कामावर खूण करायची असते. नाव चुकलं असेल तर Correction of Entries in Existing Electoral Roll हा पर्याय घ्या. मग नाव, नातेवाईकाचं नाव, जन्मतारीख, फोटो यांतलं नेमकं काय चुकलंय ते निवडा, बरोबर नाव लिहा आणि ते नाव बरोबर असलेल्या कागदाची सही केलेली प्रत जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजी नाव टाकल्यावर मराठी चौकट थांबून, अक्षर न् अक्षर वाचा. चुकीचं उमटलं असेल तर ते खोडून पडद्यावरच्या मराठी कीबोर्डनं नीट लिहा. नाहीतर दुरुस्तीच्या अर्जातूनच पुन्हा 'काले' जाईल. अर्ज पाठवल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. त्यावर अर्ज कुठपर्यंत आला ते कळतं. पुढे बीएलओ पडताळणी करतात आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. नाव दुरुस्त झालं तरी ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

आता तो दुहेरी घोटाळा. दुरुस्तीऐवजी पुन्हा नमुना ६ भरला, तर एकाच माणसाची दोन नावं यादीत येऊ शकतात, एक 'काले' आणि एक 'काळे'. कायद्यानं नाव एकदाच नोंदवता येतं. शिवाय नमुना ६ मध्ये आपण 'माझं नाव आधी कुठल्याही यादीत नाही' या अर्थाचं लिहून देतो. यादीच्या कामात जाणूनबुजून खोटं लिहून देणं हा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. बहुतेक लोक हे नकळत करतात, पण निस्तरायला वेळ जातोच.

मुदत कुठे संपते?

दुरुस्तीचा अर्ज वर्षभर देता येतो. पण निवडणूक लागली की उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर, निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत बदल करता येत नाही. २०२४ च्या आपल्या विधानसभेचं पाहा. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे घोषणा ऐकून जागं होणाऱ्याच्या हातात दोन आठवडे, आणि त्यातच पडताळणी आणि निर्णयही. म्हणून हे काम निवडणूक नसताना करायचं.

मतदानाच्या दिवशी काय होतं?

त्या २० नोव्हेंबरला मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी पहिली मतदान अधिकारी होते. यादी समोर घेऊन नाव शोधायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं आणि ओळख तपासायची, हे माझं काम. मोठ्यानं वाचायचं ते यासाठी, की शेजारी बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही ऐकू जावं.

दुपारी एक ताई आल्या. हातात आधार कार्ड, त्यावर 'मनीषा दत्तात्रय काळे'. (नाव मी इथं बदललंय, चुकीचा प्रकार तोच ठेवलाय.) माझ्या यादीत 'काले मनिशा दत्तू'. मी नाव वाचलं तसा एक प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, ही काळे आहे, काले नाही. हे नाव हिचं नाही." ताईंचा चेहरा उतरला. त्या मागे वळायलाच लागल्या होत्या.

मी केंद्राध्यक्ष सरांना बोलावलं. त्यांनी यादीतला फोटो पाहिला, तोच चेहरा. वय जुळत होतं. ताईंना घरातल्या इतर मतदारांची नावं विचारली. त्यांनी सासूचं आणि दिराचं नाव सांगितलं, आणि ती यादीत त्यांच्याच नावाच्या खाली-वर होती. सर प्रतिनिधीला शांतपणे म्हणाले, "माणूस तोच आहे, चूक छपाईची आहे. तरी तुम्हाला आक्षेप घ्यायचा असेल तर दोन रुपये भरा, मी रीतसर चौकशी करतो." तो गप्प बसला. ताईंनी मत दिलं.

सरांनी काही उपकार केला नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्येच म्हटलंय, की व्यक्ती तीच आहे अशी खात्री पटली तर यादीतल्या केवळ लेखनाच्या किंवा छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करायचं. मतदार ओळखपत्रावरच्या किरकोळ चुकांबद्दलही निवडणूक आयोगाची सूचना अशीच आहे. आक्षेपासाठी दोन रुपये भरण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. चौकशीत आक्षेप खरा ठरला नाही तर मतदाराला मत देऊ द्यावंच लागतं.

त्यानंतर तासाभरानं एक नवी सून आली. मतदार ओळखपत्र खरं, फोटो स्वच्छ, नावात एकही चूक नाही. पण ते माहेरच्या मतदारसंघाचं. आमच्या यादीत तिचं नावच नव्हतं. तिला परत जावं लागलं, आणि आम्हाला काहीच करता आलं नाही. लग्नानंतर तिनं नमुना ८ भरून पत्ता बदलायला हवा होता. नाव आणि पत्ता दोन्ही बदलायचे तर दोन वेगळे अर्ज लागतात. आधी पत्त्याचा, मग नावाचा.

या दोघींमधला फरक लक्षात ठेवा. चुकीचं स्पेलिंग मत अडवत नाही. यादीत नाव नसेल तर मात्र खरं कार्डही चालत नाही.

सोबत काय न्यावं?

मतदार ओळखपत्र असेल तर तेच न्या. ते नसेल, किंवा त्यावरच्या फोटोवरून ओळख पटत नसेल, तर आयोगानं ठरवून दिलेले इतर फोटो पुरावे चालतात. त्यांत आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, फोटोसह पेन्शनचे कागद, सरकारी सेवेचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड हे येतात. बीएलओ घरी देतात ती मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. पुष्कळ लोक नुसती चिठ्ठी घेऊन येतात आणि उन्हात घरी परत जाऊन कार्ड आणतात.

ज्यांच्या नावात फरक आहे त्यांनी दोन कागद ठेवावेत: चुकीच्या नावाचं मतदार ओळखपत्र आणि बरोबर नावाचं आधार. दोन्हींवर चेहरा एकच दिसला की बोलणं लवकर संपतं. लग्नामुळे आडनावच वेगळं असेल तर हे आणखी गरजेचं, कारण 'काले-काळे' ही छपाईची चूक दिसते, पण पूर्ण वेगळं आडनाव ही वेगळी व्यक्ती वाटू शकते.

वर्गातल्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "आईला म्हणावं, मतदानाला बिनधास्त जा, कार्ड आणि आधार दोन्ही ने. आणि यादीतलं नाव दुरुस्त करायला शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे ये." शनिवारी त्या आल्या. आम्ही नमुना ८ भरला. मराठी चौकटीत पुन्हा 'काले'च उमटलं होतं. मुलीनंच ते पाहिलं आणि म्हणाली, "बाई, ळ राहिला!"