एक गाणं, चार दारं

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंग मांडून झाला, पणत्या लागल्या आणि आई म्हणाली, "भीमसेनांचं ते कानडी लाव रे, लक्ष्मीचं." मी लॅपटॉपवर ‘भाग्यदा’ टाकलं. काहीच आलं नाही. ‘लक्ष्मी’ टाकलं, तर महालक्ष्मीच्या आरत्यांची रांग लागली. ‘कानडी’ म्हटल्यावर पुन्हा शून्य. पूजा आटोपली, लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि मग ते गाणं मिळालं. ‘अभंग भाग २’ या फोल्डरमध्ये ते होतं, आणि त्याचं नाव होतं `Track 07`.

बाबांच्या १४० कॅसेट, थोड्या रेकॉर्डी आणि नंतर जमलेल्या सीड्या मिळून आमच्या घरात सुमारे २३०० ध्वनिमुद्रणं आहेत. सगळी संगणकावर चढवून ठेवली म्हणजे जपली, असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी कळलं, की गाणं घरात असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं. दिवाळी संपल्यावर मी सूची करायला बसलो. रोज दहा गाणी, प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, असं धरून आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत काय चुकलं आणि काय जमलं, त्याचा हा आढावा.

फोल्डर का पुरत नाहीत

पहिली चूक प्रत्येकजण करतो तीच. विठ्ठल, दत्त, गणपती असे फोल्डर केले आणि गाणी त्यांत टाकत गेलो. दुसऱ्याच दिवशी अडलो. आईने मागितलेलं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ ठेवायचं कुठे? ते पुरंदरदासांचं, म्हणजे कर्नाटकातल्या हरिदासांच्या परंपरेतलं. विषय लक्ष्मी. भाषा कानडी. आवाज भीमसेन जोशींचा. आमच्या घरी ते लागतं लक्ष्मीपूजनाला. ज्याला जे आठवेल त्या दारातून तो येणार, आणि फाइल मात्र एकाच खोलीत राहू शकते. चार ठिकाणी चार प्रती ठेवल्या, तर एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या तिघींना कळत नाही.

म्हणून फोल्डर मोडले. सगळ्या फाइली एका जागी आणल्या आणि प्रत्येकीला निव्वळ क्रमांक दिला: `B0417.mp3`. नावात गायक नाही, देव नाही. बाकी सगळं तक्त्यात: क्रमांक, पहिली ओळ, ध्रुवपद, संत किंवा कवी, परंपरा, गायनरीत, भाषा, प्रसंग, गायक, संगीत आणि स्रोत. अकरा रकाने. क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही आणि फाइल पुसली तरी तो दुसऱ्या गाण्याला द्यायचा नाही. मूळ कॅसेटच्या वेष्टणावरही तोच क्रमांक पेन्सिलीने लिहिला, म्हणजे शंका आली की मुळाशी जाता येतं.

परंपरा: शब्दांची की गाण्याची?

सर्वांत जास्त घोळ या रकान्याने घातला. नामदेव म्हटलं की आपण डोळे मिटून ‘वारकरी’ लिहितो. पण नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरुद्वारात रागी ती शबद म्हणून गातात. बाबांनी नांदेडहून आणलेल्या एका कॅसेटमध्ये तसं एक पद होतं. त्याला वारकरी म्हणू की शीख? शेवटी एका रकान्याचे दोन केले. ‘परंपरा’ म्हणजे शब्द लिहिणारा ज्या परंपरेतला ती, आणि ‘गायनरीत’ म्हणजे ते पद जसं गायलंय तसं: वारकरी भजन, शबद, नाट्यसंगीताच्या वळणाचं, भावगीत, चित्रपटगीत. मग नामदेवांचं ते पद ‘वारकरी, शबद’ असं बसलं आणि दोन्हीकडून सापडू लागलं.

दोन रकाने केल्याने दुसरीही एक गाठ सुटली. ‘अभंग तुकयाचे’ हा लता मंगेशकरांच्या आवाजातला, श्रीनिवास खळ्यांच्या संगीताचा संग्रह आणि आमच्या गावच्या दिंडीचं ध्वनिमुद्रण, दोन्हींतले शब्द तुकोबांचे. पण ज्याला टाळ-पखवाजाचं भजन हवंय त्याला पहिलं देऊन चालत नाही.

कवी ओळखायचा सोपा उपाय म्हणजे शेवटच्या चरणातली नाममुद्रा. तुका, नामा, एका जनार्दनी, पुरंदर विठ्ठल. ऐकलं आणि लिहिलं. पण या उपायालाही मर्यादा आहेत. जुन्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे पाच चरणांतले तीनच गायले जात आणि कधी मुद्रेचाच चरण गळे. शिवाय संतांच्या वळणावर पुढच्या कवींनी लिहिलेली पदं असतात. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद कित्येकांनी तुकोबांचंच मानलं. बाबांच्या वहीतही ते तसंच होतं. तेव्हापासून नियम केला: गाथेच्या सूचीत चरण सापडला तरच संताचं नाव. नाहीतर नावापुढे प्रश्नचिन्ह. गाथेतला अभंग क्रमांक लिहिताना प्रतही लिहायची, कारण तुकोबांच्या गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक जुळत नाहीत.

गाथेत शोधतानाच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. छापील अभंगात ध्रुवपद बहुधा दुसऱ्या ओळीवर असतं. गायक मात्र कधी पहिल्या चरणापासून उचलतो, तर कधी थेट ध्रुवपदापासून. कॅसेटवर एक ओळ छापलेली, गाथेच्या सूचीत दुसरी. म्हणून पहिली ओळ आणि ध्रुवपद हे वेगळे रकाने. त्यांनी माझ्या यादीतली बरीच ‘दोन गाणी’ एक करून दाखवली.

प्रसंग: तारीख नको, तिथी हवी

प्रसंगाच्या रकान्यात सुरुवातीला मी मनाला येईल ते लिहीत गेलो: ‘सकाळ’, ‘पहाटे’, ‘काकडा’, ‘काकड आरती’. महिन्याभरात एकाच गोष्टीला चार नावं झाली. मग कागदावर तीस शब्दांची पक्की यादी केली आणि तिच्याबाहेरचा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं. यादीचे तीन गट: दिवसाची वेळ (काकडा, सकाळ, सांज, शेज), वार आणि सण-तिथी. गाण्याला यातले कितीही लागू शकतात, मध्ये अर्धविराम.

काकड्याने मात्र वेगळाच धडा दिला. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो. त्यात भूपाळ्या, वासुदेव, आंधळा-पांगुळ, गौळणी असा क्रम असतो. सूचीतून ‘काकडा’ काढला, तर गाणी अकारविल्ह्याने यायची आणि गौळण भूपाळीच्या आधी वाजायची. म्हणून काकड्यातल्या पदांना प्रसंगापुढे क्रम जोडला: काकडा-०१, काकडा-०२. आईने सांगितला तो आमच्या गावचा क्रम. शेजारच्या गावचा निराळा असू शकतो.

भाषा आणि लिपी

भाषेचा रकाना सोपा वाटतो. तिथे आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी खुणा वापरल्या: `mar`, `kan`, `hin`, `san`, `guj`, `pan`. तुलसीदासांच्या अवधीतल्या पदांसाठी `awa`, सूरदासांसाठी ब्रजची `bra`. नियम एकच, भाषा शब्दांची लिहायची, गायकाची नाही. ‘राम श्याम गुण गान’ खळ्यांचं आणि गाणारे लताबाई-भीमसेन असले, तरी ते `hin`.

खरी अडचण लिपीची. लक्ष्मीपूजनाला शोध का फसला ते आता कळलं. फाइलीला नावच नव्हतं हे एक. पण असतं तरी सापडलंच असतं असं नाही. कानडीत तो शब्द ऱ्हस्व आहे, ‘भाग्यद’. मराठी माणूस ‘भाग्यदा’ म्हणतो आणि तसंच लिहितो. म्हणून परभाषेतल्या गाण्याची ओळ आपण म्हणतो तशी आणि मुळात आहे तशी, दोन्ही एकाच रकान्यात तिरकी रेघ देऊन लिहितो.

मराठीतही हे आहेच. ‘विठ्ठल’ आणि ‘विट्ठल’ संगणकाला दोन शब्द. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टंकता येतं किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच दिसतं, शोधाला नाही. ‘ऱ्या’चंही तसंच. शब्द समोर दिसतोय आणि शोधात येत नाही, असं झालं की दुखणं हेच समजावं. सगळा तक्ता एकाच कीबोर्डवरून भरला आणि शेवटी ‘शोधा आणि बदला’ने जोड्या एकसारख्या केल्या.

गायक

एका गायकाचं एकच नाव, बिरुदाशिवाय. ‘पं. भीमसेन’, ‘भीमसेन जोशी’, ‘भीमसेनजी’ असे तीन गायक माझ्याकडे झाले होते. लग्नाआधीच्या नावांसाठी वेगळं पान केलं: माणिक दादरकर म्हणजेच माणिक वर्मा. गाण्याच्या ओळीत नाव एकच, पण वेष्टणावर जे छापलंय ते स्रोताच्या रकान्यात जसंच्या तसं. गीतरामायणाने या शिस्तीची परीक्षा घेतली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ती ५६ गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली. पुढे सुधीर फडक्यांनी सगळी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. शब्द एकच, चाल तीच, तरी ही दोन ध्वनिमुद्रणं, म्हणून क्रमांकही दोन.

भ्रमणध्वनीवरच्या बहुतेक प्लेअरना शीर्षक, गायक, अल्बम आणि प्रकार एवढंच दिसतं. म्हणून `Mp3tag` वापरून एवढ्या चारच गोष्टी फाइलीत भरल्या, प्रकाराच्या जागी परंपरा. उरलेलं तक्त्यात. तिथे G रकाना भाषेचा आणि H प्रसंगाचा:

```
=FILTER(A2:K2400,
 REGEXMATCH(H2:H2400,"लक्ष्मीपूजन"),
 G2:G2400="kan")
```

या सूत्राने आज एकच ओळ पुढे येते: `B0417`.

काही गाणी अजून अडलेली आहेत. प्रश्नचिन्हाच्या ६४ ओळी आहेत; त्यांतल्या बऱ्याच कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणांतल्या, जिथे बुवा एक चरण म्हणून निरूपणाकडे वळतात. शिवाय आईच्या काही मागण्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. परवा ती म्हणाली, "बाबा दाढी करताना लावायचे ते." मी एकेक ऐकवत गेलो, चौथ्याला तिने मान डोलावली. त्या संध्याकाळी तक्त्याला बारावा रकाना जोडला, ‘घरचं नाव’. त्यातली पहिली नोंद: दाढीचं गाणं.